एका विषयाचा निकाल राखून ठेवला असताना सीजीपीए किती ते किती धरावा?

रेवा_इंदूर

नमस्कार. मी इंदूरला अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. सहाव्या सेमिस्टरचा निकाल लागला, पण चार क्रेडिटच्या एका विषयापुढे ग्रेडऐवजी `WH` आले आहे, म्हणजे त्या विषयाचा निकाल राखून ठेवला आहे. बाकीच्या पाच विषयांचे ग्रेड मिळाले आहेत.

माझ्यासमोर सध्या सीजीपीएचे दोन आकडे आहेत. विद्यार्थी पोर्टलवर ७.५१ दिसतो, आणि तिथूनच उतरवून घेतलेल्या तात्पुरत्या गुणपत्रिकेवर ७.२६ छापलेला आहे. लवकरच कॅम्पसला येणाऱ्या एका कंपनीची अट किमान ७.५० ची आहे, त्यामुळे एका आकड्याप्रमाणे मी पात्र ठरते आणि दुसऱ्याप्रमाणे ठरत नाही. कार्यालयात विचारले, तर निकाल सुटेपर्यंत थांबा, एवढेच उत्तर मिळते.

माहिती देते. पहिल्या पाच सेमिस्टरची क्रेडिट अनुक्रमे १८, १८, २०, २२ आणि २२ अशी होती, आणि एसजीपीए ६.७८, ७.११, ७.४०, ७.६४ आणि ७.८२ असे होते. पाचव्या सेमिस्टरअखेर सीजीपीए ७.३८ छापलेला आहे. सहाव्या सेमिस्टरची एकूण क्रेडिट २० आहेत. त्यातले चार क्रेडिटचे दोन विषय आले आहेत, एकात ए आणि एकात ए प्लस. तीन क्रेडिटच्या दोन विषयांत बी प्लस आणि ए आहे, आणि दोन क्रेडिटच्या प्रयोगशाळेत ओ आहे. आमच्याकडे ओ म्हणजे १०, मग ए प्लस ९, ए ८, बी प्लस ७, बी ६, सी ५, पी ४ आणि एफ शून्य, अशी पद्धत आहे.

माझा अंतिम सीजीपीए कुठून कुठपर्यंत असू शकेल, हे आजच खात्रीने सांगता येते का, आणि या दोन आकड्यांपैकी खरा कोणता मानायचा?

मांडवी_बडोदे

पद्धत सोपी आहे. सहाव्या सेमिस्टरचा एसजीपीए एकदा त्या विषयात १० धरून काढा आणि एकदा शून्य धरून काढा. मग दोन्ही वेळा सहा सेमिस्टरच्या एसजीपीएंची सरासरी घ्या. जे दोन आकडे येतील त्यांच्या दरम्यान तुमचा सीजीपीए असेल. मी बडोद्यात शिकत असताना आम्ही सगळे असाच हिशेब करत होतो आणि तो जुळत असे.

सयाजीबाग

माझ्या बहिणीच्या निकालात बडोद्यातच असे झाले होते. तिच्या वाणिज्य शाखेच्या एका विषयाचे अंतर्गत गुण महाविद्यालयाकडून वेळेत पोहोचले नव्हते. गुण पोहोचल्यावर निकाल सुटला आणि ग्रेडही चांगला आला. म्हणून मला वाटते की तुम्ही शून्याचा विचार करून मन कष्टी करून घेऊ नये. राखून ठेवलेला निकाल म्हणजे नापास नव्हे.

लष्करकर

मी ग्वाल्हेरच्या एका महाविद्यालयात शिकवतो आणि दर सेमिस्टरला असे दोन-तीन विद्यार्थी माझ्याकडे येतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मांडवी यांनी सर्वांत चांगला आणि सर्वांत वाईट ग्रेड धरून दोन टोके काढायला सांगितले, ते योग्यच आहे. मात्र एसजीपीएंची सरासरी घेणे इथे चालणार नाही, कारण रेवा यांच्या सेमिस्टरची क्रेडिट सारखी नाहीत. पहिल्या पाच एसजीपीएंची सरासरी काढून पाहा, ती ७.३५ येते, आणि गुणपत्रिकेवर तर ७.३८ आहे. सुरुवातीच्या कमी क्रेडिटच्या सेमिस्टरना या सरासरीत नंतरच्या जास्त क्रेडिटच्या सेमिस्टरइतकेच वजन मिळते, त्यामुळे हा फरक पडतो. तो दिसायला लहान आहे, पण ७.५० ची अट असताना तो निर्णय बदलू शकतो.

म्हणून एसजीपीए बाजूला ठेवावेत आणि प्रत्येक विषयाचे क्रेडिट गुणिले ग्रेड पॉइंट, यांची बेरीज हाती घ्यावी. रेवा यांच्या पाच सेमिस्टरची ही बेरीज १२२, १२८, १४८, १६८ आणि १७२ अशी येते. एकूण ७३८, आणि भागिले १०० केल्यावर ७.३८. आता सहाव्या सेमिस्टरचे जाहीर झालेले विषय घेऊ. चार क्रेडिटच्या विषयांचे ३२ आणि ३६, तीन क्रेडिटच्या विषयांचे २१ आणि २४, प्रयोगशाळेचे २०, मिळून १३३. म्हणजे आजवर हातात असलेले पॉइंट ८७१ आहेत आणि ते ११६ क्रेडिटवर मिळालेले आहेत. राखून ठेवलेल्या विषयाची ४ क्रेडिट धरली की भाजक १२० होतो.

त्या विषयात ओ मिळाला तर ८७१ मध्ये ४० मिळवायचे. ९११ भागिले १२० म्हणजे ७.५९. तो विषय एफ झाला तर काहीच मिळवायचे नाही. ८७१ भागिले १२० म्हणजे ७.२६. तुमचा पल्ला ७.२६ ते ७.५९ असा आहे.

या दोन टोकांच्या मधले सगळे आकडे मात्र शक्य नाहीत. ग्रेड आठच आहेत, त्यामुळे उत्तरेही आठच. ए प्लसला ७.५६, एला ७.५३, बी प्लसला ७.४९, बीला ७.४६, सीला ७.४३ आणि पीला ७.३९ येते. एच्या वेळी भागाकार नेमका ७.५२५ येतो, म्हणून जिथे पुढचे अंक नुसते छाटतात तिथे ७.५२ दिसेल, आणि सीच्या ७.४२५ चेही तसेच आहे. पण या फरकाने ७.५० ची रेषा ओलांडली जात नाही. कोणाला हे तक्त्यात मांडायचे असेल, तर ए स्तंभात ग्रेड पॉइंट लिहून शेजारी हे सूत्र द्यावे:

```
=ROUND((871+4*A2)/120, 2)
```

आता ७.५१ चे. पोर्टलने तो विषय हिशेबातूनच वगळला आहे, म्हणजे ८७१ ला ११६ ने भागले आहे. या आठ उत्तरांत ७.५१ कुठेच नाही, हे लक्षात घ्या. विषय वगळणे म्हणजे त्या विषयातही तुम्हाला आतापर्यंतच्या सरासरीइतकेच, सुमारे साडेसात पॉइंट मिळतील असे गृहीत धरणे. साडेसात पॉइंटचा ग्रेड तुमच्या पद्धतीत अस्तित्वातच नाही. सात मिळाले तर तुम्ही ७.५० च्या खाली जाता, आठ मिळाले तर वर राहता. म्हणून ७.५१ हा आज पडद्यावर दिसत असला, तरी हा निकाल सुटल्यावर तो कोणत्याही ग्रेडने येणार नाही. छापील ७.२६ येऊ शकतो, पण केवळ नापास झालात तरच.

रेवा_इंदूर

सर, मनापासून आभार. ७.५१ हा आकडा अंतिम निकालात येऊच शकत नाही, ही गोष्ट माझ्या ध्यानात आलीच नसती. म्हणजे माझा सगळा प्रश्न ए मिळतो की बी प्लस, एवढ्यावर येऊन थांबला आहे, बरोबर ना?

लष्करकर

बरोबर. उलट दिशेनेही तपासता येते. ७.५० साठी १२० क्रेडिटवर ९०० पॉइंट हवेत. तुमच्याकडे ८७१ आहेत, म्हणजे २९ कमी पडतात. चार क्रेडिटवर २९ पॉइंट म्हणजे सव्वासात. सव्वासातचा ग्रेड नाही, म्हणून पुढचा, म्हणजे आठचा लागेल. अट दिलेली असेल तेव्हा मी विद्यार्थ्यांना हाच हिशेब आधी करायला सांगतो, कारण त्यात एका भागाकाराने उत्तर मिळते आणि आठ आकडे काढावे लागत नाहीत.

शनिवारचा_वाचक

माझ्या मते इतके करण्याऐवजी सरळ टक्केवारी काढावी. सीजीपीएला ९.५ ने गुणले की टक्केवारी मिळते. कंपन्या शेवटी टक्केवारीच पाहतात. ७.५१ चे ७१ टक्क्यांहून अधिक होतात, म्हणजे काळजीचे कारण उरत नाही.

पलासिया

शनिवारचा वाचक यांनी सांगितलेला ९.५ चा गुणक सीबीएसईच्या दहावीच्या सीजीपीएसाठी होता. विद्यापीठे आपले रूपांतर स्वतः ठरवतात आणि ते बहुधा गुणपत्रिकेच्या मागच्या बाजूला छापलेले असते. शिवाय इथे अट सीजीपीएवर आहे, आणि ज्या ७.५१ ला तुम्ही गुणले तो आकडा टिकणारा नाही, हे वर लष्करकर सरांनी दाखवलेच आहे. टक्केवारी हवीच असेल, तर आधी पल्ल्याची दोन टोके काढावीत आणि मग आपल्या विद्यापीठाच्या सूत्राने त्या दोन्ही टोकांचे रूपांतर करावे.

निवृत्त_परीक्षा_कक्ष

रेवा, मी एका विद्यापीठाच्या परीक्षा विभागात नोकरी करून निवृत्त झालो आहे. लष्करकरांचे गणित चोख आहे, त्यात मी काही वाढवणार नाही. पण ‘सर्वांत वाईट’ म्हणजे त्या एका विषयात शून्य, असे सगळ्यांनी धरले आहे, ते निकाल कशामुळे अडकला आहे यावर अवलंबून आहे. कारण कळल्याशिवाय खालचे टोक ठरवू नकोस.

निकाल राखून ठेवण्याची कारणे माझ्या अनुभवात मुख्यतः चार प्रकारची असतात. महाविद्यालयाकडून अंतर्गत किंवा प्रात्यक्षिकाचे गुण आलेले नसतात. उत्तरपत्रिकेवरचा रोल नंबर आणि हजेरीपत्रक जुळत नाही. शुल्क किंवा नामांकनाचे काही बाकी असते. आणि चौथे कारण म्हणजे परीक्षेतील गैरप्रकाराचे प्रकरण समितीपुढे असते. पहिल्या दोन कारणांत प्रश्न बहुतेक वेळा त्या विषयापुरता असतो. तिसऱ्यात तर एका विषयाऐवजी पूर्ण निकालच अडतो, म्हणून तुझ्या बाबतीत ते कारण नसावे. चौथ्या कारणात मात्र समिती तो एक पेपर रद्द करू शकते किंवा पूर्ण सेमिस्टरही रद्द करू शकते, आणि तसे झाले तर आज जाहीर झालेले पाच ग्रेडही जातात. मग ८७१ हा आकडाच राहत नाही. सेमिस्टर पूर्ण वगळले तर सीजीपीए पुन्हा ७.३८ होतो. वीस क्रेडिट शून्याने धरली तर ७३८ भागिले १२०, म्हणजे ६.१५.

तुझ्यावर काही आरोप आहे असे मला मुळीच म्हणायचे नाही. खालचे टोक कारणानुसार बदलते, एवढेच सांगतो. कार्यालयात जाऊन ‘निकाल कधी लागेल’ असे विचारण्याऐवजी ‘कोणत्या कारणाने राखला आहे आणि कोणते कागद बाकी आहेत’ असे लेखी विचार. पहिल्या प्रश्नाला बाबू तारीख देऊ शकत नाही. दुसऱ्याचे उत्तर त्याच्या यादीत लिहिलेले असते.

मांडवी_बडोदे

लष्करकर यांचा मुद्दा समजला, पण सरासरीची पद्धत चूकच आहे असे म्हणणे मला पटत नाही. आमच्याकडे प्रत्येक सेमिस्टर २४ क्रेडिटचे होते. तिथे एसजीपीएंची सरासरी आणि सीजीपीए यांत फरक येत नसे.

लष्करकर

सर्व सेमिस्टरची क्रेडिट समान असतील तर तुमची पद्धत बरोबर उत्तर देते, दोन दशांश स्थळांवर केलेल्या पूर्णांकनाचा किंचित फरक सोडला तर. तुमच्या वेळी हिशेब जुळण्याचे कारण तेच होते. रेवा यांच्या बाबतीत मात्र त्या पद्धतीने ए ग्रेडला बरोबर ७.५० येतात आणि खरे उत्तर ७.५२५ आहे. इथे दोन्ही पात्रच ठरतात. पण अट ७.५२ ची असती, तर तुमच्या पद्धतीने त्यांनी अर्जच केला नसता.

असाच एक धोका छापील सीजीपीएला क्रेडिटने गुणून मागची बेरीज काढण्यात आहे. शंभर क्रेडिटपर्यंत छापील ७.३८ मागे ७३८ हीच एक बेरीज असू शकते, म्हणून इथे ते चालून गेले. पण १४० क्रेडिट झाली असतील आणि ७.३९ छापले असेल, तर मूळ बेरीज १०३४ असू शकते किंवा १०३५ सुद्धा. दोन्हींचा भागाकार पूर्णांकित करून ७.३९ च येतो. एखादा आकडा अटीच्या अगदी जवळ असेल, तर जुन्या गुणपत्रिका काढून विषयवार बेरीज करण्याला पर्याय नाही.

रेवा_इंदूर

काकांनी सांगितल्याप्रमाणे मी लेखी विचारले. उत्तर असे आले की, उत्तरपत्रिकेच्या पहिल्या पानावरचा रोल नंबर आणि हजेरीपत्रकावरची नोंद जुळत नाही, म्हणून पडताळणी चालू आहे. गैरप्रकाराचे काही नाही, हे त्यांनी स्पष्ट लिहिले आहे.

आणखी एक गोष्ट हाती आहे. त्या विषयाचे अंतर्गत गुण मला माहीत आहेत, ४० पैकी ३१. लेखी परीक्षा ६० गुणांची होती. आमच्या नियमांत लेखी परीक्षेत स्वतंत्रपणे ४० टक्के, म्हणजे २४ गुण मिळवणे आवश्यक आहे. ग्रेडची कोष्टके अशी: ९० पासून ओ, ८० पासून ए प्लस, ७० पासून ए, ६० पासून बी प्लस, ५० पासून बी, ४५ पासून सी आणि ४० पासून पी. याचा काही उपयोग होतो का?

लष्करकर

फार उपयोग होतो. ३१ मध्ये लेखी परीक्षेचे किमान उत्तीर्ण गुण, म्हणजे २४ मिळवले की ५५ होतात, आणि ५५ म्हणजे बी. म्हणजे तुम्ही उत्तीर्ण झालात तर बीच्या खाली जाणे शक्यच नाही. सी आणि पी हे दोन ग्रेड यादीतून गेले. वरच्या बाजूला ३१ अधिक ६० म्हणजे ९१, म्हणून ओ अजून शक्य आहे, पण त्यासाठी लेखीत ५९ लागतील. ए प्लससाठी ४९, एसाठी ३९ आणि बी प्लससाठी २९.

आता तुमच्या पल्ल्याचे रूप बदलले. तो ७.२६ पासून ७.५९ पर्यंत सलग राहिलेला नाही. एकीकडे नापास झाल्यावरचा एकटा ७.२६ आहे आणि दुसरीकडे उत्तीर्ण झाल्यावरचे ७.४६, ७.४९, ७.५३, ७.५६ आणि ७.५९. मधे काही नाही. ‘कमीत कमी ७.२६’ असे कोणी वाचले, तर त्याला तुमचा आकडा ७.३० किंवा ७.४० सुद्धा असू शकेल असे वाटेल, आणि ते खरे नाही. म्हणून दोन वाक्ये वेगळी ठेवावीत. उत्तीर्ण झाल्यास ७.४६ ते ७.५९, नापास झाल्यास ७.२६.

आणि तुमच्या मूळ प्रश्नाचे रूपांतर आता अगदी नेमक्या प्रश्नात होते, की लेखी परीक्षेत साठपैकी ३९ मिळाले असतील का. प्रश्नपत्रिका हातात घेऊन, कोणता प्रश्न किती सोडवला हे आठवून, याचा अंदाज तुम्ही स्वतः इतर कोणाहीपेक्षा चांगला करू शकता. तो अंदाजच राहील. वरचे आकडे मात्र अंदाज नाहीत.

पलासिया

इथे एक सावधगिरी नोंदवते. मी इंदूरच्याच एका संस्थेत शिकले, जिथे काही विषयांचे ग्रेड वर्गाच्या एकूण कामगिरीवर ठरत असत. तिथे सत्तर गुणांना एखाद्या वर्षी ए मिळत असे आणि एखाद्या वर्षी ए प्लस. अशा ठिकाणी अंतर्गत गुण कळले तरी ग्रेडची यादी आखूड करता येत नाही, आणि पहिला, रुंद पल्लाच धरावा लागतो. रेवा यांच्या विद्यापीठात ठरलेली कोष्टके आहेत म्हणून हे जमले. हा धागा वाचून कोणी आपला हिशेब करणार असेल, तर आधी आपल्या अध्यादेशात ग्रेड कसे ठरतात ते पाहावे.

सयाजीबाग

माझ्या बहिणीच्या बाबतीत अंतर्गत गुणच आलेले नव्हते, म्हणजे तुमच्या उलट. तिला लेखीचे गुण माहीत नव्हते आणि अंतर्गतचेही नाहीत. म्हणजे तिचा पल्ला असा आखूड करता आला नसता, असेच ना?

निवृत्त_परीक्षा_कक्ष

अंतर्गतचे गुण विभागात पोहोचलेले नसले, तरी ते शिक्षकाच्या वहीत असतात आणि बहुतेक ठिकाणी सूचनाफलकावर लावून विद्यार्थ्यांची सही घेतलेली असते. तेवढे विचारून घेतले असते, तर तुमच्या बहिणीलाही हाच हिशेब करता आला असता. विभागाला माहीत नाही म्हणजे कोणालाच माहीत नाही, असे नसते.

रेवा_इंदूर

आता शेवटची अडचण. कंपनीच्या अर्जात ‘सध्याचा सीजीपीए’ अशी एकच चौकट आहे आणि तिच्याखाली ‘बॅकलॉग आहे का’ असा प्रश्न आहे. चौकटीत दोन वाक्ये मावत नाहीत, एक आकडाच टाकता येतो. मी काय लिहावे?

मांडवी_बडोदे

७.५१ लिहावे. तो विद्यापीठाच्या स्वतःच्या पोर्टलवर दिसतो आहे, तुम्ही स्वतः तयार केलेला नाही. पडद्याची प्रत जपून ठेवावी म्हणजे झाले.

पलासिया

मी याच्याशी सहमत नाही. पोर्टलवर तो दिसतो हे खरे, पण तो एक विषय वगळून आहे हे रेवा यांना आता माहीत आहे. निकाल सुटल्यावर ७.४९ झाला आणि कागदपत्रांची तपासणी आली, तर ‘मी पाहिले ते लिहिले’ हे उत्तर पुरेसे ठरेल असे मला वाटत नाही. मी पाचव्या सेमिस्टरअखेरचा ७.३८ लिहिला असता आणि सहाव्याचा निकाल अपूर्ण आहे असे कळवले असते.

मांडवी_बडोदे

पण ७.३८ लिहिला तर यंत्र अर्ज तिथेच गाळून टाकेल, आणि पुढे ए मिळाला तर पात्र असूनही संधी गेलेली असेल. तेही न्याय्य नाही.

लष्करकर

दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे आणि याचे उत्तर गणितात नाही. मी माझ्या विद्यार्थ्यांना असे सांगतो की, आकडा भरण्यापूर्वी प्लेसमेंट अधिकाऱ्याला लेखी कळवावे आणि कोणता आकडा भरायचा हे त्यांच्याकडून लेखी घ्यावे. कंपनीशी बोलण्याचे काम त्यांचे असते. अनेकदा कंपनी अशा विद्यार्थ्याला ‘अंतिम निकालाच्या अधीन राहून’ बसू देते, आणि नाही दिले तरी पुढे तपासणीत तुमच्याकडे बोट दाखवले जात नाही.

निवृत्त_परीक्षा_कक्ष

बॅकलॉगच्या चौकटीबद्दल. राखून ठेवलेला विषय नापास म्हणून नोंदला जात नाही, म्हणून माझ्या मते ‘नाही’ हे उत्तर बरोबर आहे. त्या विषयाला एफ लागेल तेव्हाच तो बॅकलॉग होईल. छापील गुणपत्रिकेवर ७.२६ आला आहे, तो यंत्राने रिकाम्या जागी शून्य धरल्यामुळे. त्यावरून तू नापास आहेस असा निष्कर्ष कोणी काढला, तर त्याला `WH` ही नोंद दाखव.

पलासिया

काका, मी काही कंपन्यांच्या अर्जांत ‘जाहीर न झालेले निकालही बॅकलॉग समजावेत’ अशी ओळ पाहिली आहे. म्हणून केवळ विद्यापीठाच्या व्याख्येवर विसंबू नये, अर्जातली व्याख्या वाचावी.

निवृत्त_परीक्षा_कक्ष

तशी ओळ अर्जात असेल, तर तीच मानावी लागेल.

शनिवारचा_वाचक

एक शंका. बी प्लस आला तर ७.४९ होतो. भागाकार ७.४९१ च्या पुढे आहे. एका दशांशापर्यंत पूर्णांकन केले तर ते साडेसातच होतात. कंपनीने अट ‘७.५’ अशी लिहिली असेल, तर मग पात्र का म्हणू नये?

लष्करकर

रेवा यांनी अट ७.५० अशी, दोन दशांशांत लिहिली आहे, आणि विद्यापीठ अनुदान आयोगाच्या मार्गदर्शक तत्त्वांतही एसजीपीए आणि सीजीपीए दोन दशांशांपर्यंत नोंदवायला सांगितले आहेत. त्या पद्धतीत ७.४९ हे ७.४९ च राहते. पण अट ‘७.५’ एवढीच लिहिलेली असेल, तर कंपनी काय मानते हे मी सांगू शकत नाही. माझ्या विद्यार्थ्यांना दोन्ही प्रकारचे अनुभव आलेले आहेत.

रेवा_इंदूर

कंपनीच्या मूळ पत्रकात ‘७.५ आणि त्याहून अधिक’ असे आहे. ७.५० हे मी इथे लिहिताना लिहिले, त्यामुळे शनिवारचा वाचक यांची शंका माझ्या उपयोगाची आहे आणि तीही मी विचारणार आहे.

प्लेसमेंट अधिकाऱ्यांना पाठवायचा मजकूर असा केला आहे, कृपया पाहावा: ‘सहाव्या सेमिस्टरच्या चार क्रेडिटच्या एका विषयाचा निकाल रोल नंबरच्या पडताळणीसाठी राखून ठेवलेला आहे, विभागाचे पत्र सोबत जोडले आहे. पाचव्या सेमिस्टरअखेर सीजीपीए ७.३८ आहे. राखलेल्या विषयात उत्तीर्ण झाल्यास सहाव्या सेमिस्टरअखेरचा सीजीपीए ७.४६ ते ७.५९ असेल, अनुत्तीर्ण झाल्यास ७.२६ असेल. ए किंवा त्याहून वरचा ग्रेड मिळाल्यास तो ७.५० च्या वर राहील. पोर्टलवरील ७.५१ हा आकडा तो विषय वगळून काढलेला आहे. अर्जात कोणता आकडा भरावा, तसेच ७.४९ हा आकडा ७.५ च्या अटीत बसतो का, हे कृपया लेखी कळवावे.’

लष्करकर

मजकूर बरोबर आहे. हिशेबाचे एक पान सोबत जोडा, ज्यात ८७१ आणि १२० हे दोन आकडे कुठून आले ते विषयवार दिसेल, म्हणजे त्यांना पुन्हा बेरीज करावी लागणार नाही.

सयाजीबाग

निकाल सातव्या सेमिस्टरनंतरच सुटला तर हा पल्ला असाच राहील का?

लष्करकर

पल्ल्याची रुंदी कमी होत जाईल. चार क्रेडिटच्या विषयात शून्यापासून दहापर्यंतचा फरक म्हणजे ४० पॉइंट, आणि ते एकूण क्रेडिटवर वाटले जातात. आज १२० वर ते ०.३३ होतात. सातव्या सेमिस्टरची २० क्रेडिट जमा झाली की १४० वर ०.२९, आणि १६० क्रेडिटवर पदवी पूर्ण होताना ०.२५. त्यावेळी ८७१ च्या जागी नवी बेरीज येईल आणि ए लागणार की बी प्लस चालणार, हेही नव्याने काढावे लागेल.